प्लॅटफॉर्म बदलल्याची उद्घोषणा: एकदा ऐकून कळेल असा मराठी मजकूर हवा आहे

दांडियाबाजारकर

नमस्कार मंडळी. बडोद्याच्या स्थानकावर उद्घोषणा गुजराती, हिंदी आणि इंग्रजी या तीन भाषांत होतात, हे येथील सर्वांना ठाऊक आहे. गणपतीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीच्या गर्दीत महाराष्ट्रातून आलेली बरीच ज्येष्ठ मंडळी स्थानकावर असतात. गाडीचा प्लॅटफॉर्म ऐनवेळी बदलला, की त्यांची फार तारांबळ उडते. त्यामुळे अशा दिवसांत तीन भाषांनंतर माइकवरून मराठीतही सूचना वाचता येईल का, अशी विचारणा आमच्या प्रवासी मंडळाने केली होती. ‘मजकूर लिहून द्या, मग पाहू’ असे तोंडी उत्तर मिळाले आहे. होकार अजून नाही, पण मजकूर तरी निर्दोष असावा, अशी इच्छा आहे.

मंडळात तयार झालेला पहिला मसुदा खाली देत आहे. उदाहरणासाठी इंदूरहून मुंबईला जाणारी अवंतिका घेतली असून प्लॅटफॉर्मचे क्रमांक काल्पनिक आहेत.

> प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. गाडी क्रमांक एक दोन नऊ सहा दोन, इंदूर येथून सुटून उज्जैन, रतलाम मार्गे मुंबई सेंट्रल कडे जाणारी अवंतिका सुपरफास्ट एक्सप्रेस, जी प्लॅटफॉर्म क्रमांक दोन वर येणे अपेक्षित होते, ती काही अपरिहार्य कारणास्तव प्लॅटफॉर्म क्रमांक दोन ऐवजी प्लॅटफॉर्म क्रमांक चार वर येणार आहे. प्रवाशांना होणाऱ्या असुविधेबद्दल आम्हांला खेद आहे.

व्याकरणाचे दोष तर आहेतच. पण ते दुरुस्त करूनही हा मजकूर कानाला सरकारी आणि लांबलचक वाटतो. तो अधिक स्पष्ट आणि आपुलकीचा कसा करता येईल, याविषयी मते कळवावीत.

सडेतोड

मुळात गायकवाडांच्या बडोद्यात मराठी उद्घोषणा ‘मागावी’ लागते, हीच खेदाची बाब आहे. मजकुराचे नंतर पाहू. आधी मराठीला कायमचे स्थान मिळावे, यासाठी मंडळाने निवेदन का दिले नाही?

दांडियाबाजारकर

सडेतोड, तो विषय मोठा आहे आणि त्यासाठी वेगळा धागा काढावा, ही विनंती. येथे आपण एवढेच पाहू, की वाचायला मिळाले तर काय वाचायचे.

स्पष्टवक्ता

माझ्या मते अडचण शब्दांची कमी आणि आवाजाची जास्त आहे. आवाज पुरेसा मोठा ठेवला तर वरील मसुदाही कळेल. शिवाय उद्घोषणेच्या आधी घंटीचा सूर वाजतोच, त्यामुळे ‘प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे’ हे वाक्य पूर्ण निरुपयोगी आहे. ते सरळ काढून टाकावे आणि पहिल्या शब्दापासून मुद्द्याला हात घालावा.

रुळावरचा

मी अनेक वर्षे चौकशी कार्यालयात काम केले आहे. ध्वनिमुद्रित उद्घोषणा सर्वत्र येण्यापूर्वी माइकवर प्रत्यक्ष बोलण्याचे कामही केले आहे. मसुदा मोठ्याने वाचून पाहिला. त्यातला सर्वांत गंभीर दोष कागदावर पाहून लक्षात येत नाही, म्हणून तो आधी सांगतो.

या मसुद्यात ‘दोन’ हा शब्द चार वेळा येतो आणि ‘चार’ हा शब्द एकदाच येतो. गाडीच्या क्रमांकात दोन वेळा आणि जुन्या प्लॅटफॉर्मसाठी दोन वेळा, असा तो हिशेब आहे. गोंगाटात उभ्या असलेल्या माणसाच्या कानावर अर्धेमुर्धेच पडते. त्याच्या मनात शेवटी काय राहील, हे सांगण्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. ज्या प्लॅटफॉर्मवरून त्याने उठावे अशी आपली इच्छा आहे, तोच आपण त्याच्या डोक्यात पक्का करीत आहोत.

दुसरा दोष वाक्यरचनेतला आहे. मराठीत ‘ऐवजी’ हा शब्द क्रमांकाच्या नंतर येतो. ‘प्लॅटफॉर्म क्रमांक दोन’ एवढे ऐकले, की ऐकणाऱ्याला ती त्याच्या प्रश्नाच्या उत्तराची खूण वाटते आणि तो पिशव्या उचलू लागतो. त्या खडखडाटात ‘ऐवजी’ ऐकू येत नाही. लेखी मजकुरात वाचक मागे जाऊन वाक्य पुन्हा वाचू शकतो, कानाला ती सोय नाही. म्हणून प्लॅटफॉर्म बदलताना नवा क्रमांक आधी सांगावा, ते वाक्य तेथेच संपवावे, थांबावे आणि मग दुसऱ्या वाक्यात जुन्या प्लॅटफॉर्मवरच्या लोकांना उद्देशून बोलावे. त्या वाक्याचा शेवटही नव्या क्रमांकाने व्हावा.

स्पष्टवक्ता यांच्या सूचनेविषयी: घंटीमुळे एवढेच कळते, की कोणीतरी बोलणार आहे. ते बोलणे आपल्यासाठी आहे का, हे ठरवून गप्पांतून मान वर करायला माणसाला दोनतीन सेकंद लागतात. त्या वेळात जे शब्द बोलले जातात ते वायाच जातात. म्हणून सुरुवातीला बिनमहत्त्वाचे काहीतरी असणे आवश्यक आहे. मात्र ‘प्रवाशांनी’ म्हणण्यापेक्षा कोणत्या प्रवाशांनी, हे तेथेच सांगितले तर तो वेळ सत्कारणी लागेल.

ध्वनिलहरी

सभागृहांच्या आणि मोकळ्या मैदानांच्या ध्वनियोजनेचे काम करतो, म्हणून आवाजाच्या मुद्द्यावर लिहितो. स्पष्टवक्ता यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. शेजारच्या रुळावरून गाडी जात असेल तर बोलणे त्या आवाजाच्या वर, साधारण दहा डेसिबलने तरी, असावे लागते. पण त्यापुढे आवाज वाढवून उपयोग होत नाही, कारण छताखाली मूळ आवाजाबरोबर त्याचा घुमाराही तितकाच वाढतो.

लांब प्लॅटफॉर्मवर ठरावीक अंतराने कर्णे लावलेले असतात. समजा, तुमच्या डोक्यावरच्या कर्ण्याचा आवाज लगेच आला आणि पन्नास मीटर पुढच्या कर्ण्याचाही ऐकू येत आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे तो दुसरा आवाज जवळजवळ एक सप्तमांश सेकंद उशिरा पोहोचतो. भरभर बोलताना एका अक्षराला साधारण तेवढाच वेळ लागतो. परिणामी मागचे अक्षर पुढच्या अक्षरावर येऊन बसते. यात स्वर टिकतात आणि शब्दाच्या शेवटची व्यंजने बुजतात. मराठीत ‘सहा’ आणि ‘सात’ यांची सुरुवात सारखी आहे, फरक शेवटाला आहे, आणि नेमका शेवटच बुजतो. बडोद्याला सहा आणि सात हे दोन्ही प्लॅटफॉर्म आहेत, हे लक्षात घ्यावे.

यावर शब्दरचनेच्या हातात असलेला उपाय एकच आहे: वाक्ये लहान ठेवणे, प्रत्येक महत्त्वाच्या शब्दानंतर थांबणे आणि क्रमांक पुन्हा उच्चारणे. दोन शब्दांमधल्या शांततेत घुमारा विरतो. लांब वाक्यात वाचणारा श्वास पुरवण्यासाठी वेग वाढवतो आणि हे विरामच गिळतो.

स्पष्टवक्ता

माहितीबद्दल आभार. आवाजाचा मुद्दा मान्य आहे. तरीही ‘कृपया’ आणि ‘खेद आहे’ यांना माझा विरोध कायम आहे. प्रत्येक उद्घोषणेत खेद व्यक्त होत असेल, तर तो कोणालाही वाटत नाही, हे ऐकणाऱ्यालाही कळते.

लेकुरवाळी

मला वेगळे सांगायचे आहे. गेल्या वर्षी एका मोठ्या जंक्शनवर आईला घेऊन बसले होते. तिचे दोन्ही गुडघे दुखतात, शिवाय सोबत लहान मूल आणि तीन डाग. प्लॅटफॉर्म बदलल्याचे ऐकले, कळलेही, पण गाडी येण्यास किती वेळ आहे हे कोणी सांगितले नाही. सगळे धावू लागले म्हणून आम्हीही जिन्याकडे निघालो. त्या जिन्यावर आईला जो धक्का बसला, तो आठवला की अजूनही अंगावर काटा येतो. वर पोहोचलो तेव्हा गाडीचा पत्ता नव्हता आणि नंतर बराच वेळ ती आलीही नाही. लिफ्ट कोठे आहे हे कळले असते, तर आम्ही शांतपणे तिकडे गेलो असतो. तुमच्या मजकुरात ‘आपुलकी’ हवी असेल तर ती येथे घाला. ‘खेद आहे’ या शब्दांनी आईच्या गुडघ्यांना काही फरक पडला नसता.

रुळावरचा

लेकुरवाळी यांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. आपुलकीची खूण म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनातला पुढचा प्रश्न ओळखून त्याचे उत्तर देणे. प्लॅटफॉर्म बदलला, की पहिला प्रश्न ‘कोठे’ आणि दुसरा ‘वेळ आहे का’ हा असतो. दुसऱ्याचे उत्तर मिळाले नाही, तर माणूस ‘वेळ नाही’ असेच धरून चालतो, आणि एक धावला की सगळे धावतात.

सारख्या नावांमुळे किती अनर्थ होऊ शकतो, हेही सांगून ठेवतो. १५ फेब्रुवारी २०२५ रोजी नवी दिल्ली स्थानकावर चेंगराचेंगरीत १८ जणांचा जीव गेला. प्रयागराज हे नाव असलेल्या दोन गाड्यांच्या उद्घोषणेमुळे गोंधळ झाला, असे सुरुवातीला पोलिसांकडून सांगण्यात आले. पुढे रेल्वेकडून डोक्यावरचे ओझे पडल्यामुळे लोक जिन्यावर कोसळल्याचे कारण देण्यात आले. खरे कारण कोणते, या वादात मी शिरत नाही. पण एकाच नावाच्या दोन गाड्या आणि भरलेला जिना यांची गाठ पडू नये, याची काळजी मजकूर लिहिणाऱ्यानेही घेतली पाहिजे.

आपल्या उदाहरणातही तसेच आहे. मुंबईहून इंदूरला जाणारी अवंतिका १२९६१ आणि इंदूरहून मुंबईला जाणारी १२९६२. नाव तेच, क्रमांकात फक्त शेवटचा अंक वेगळा, आणि दोन्ही गाड्या बडोद्याहून रात्रीच जातात. मूळ मसुद्यात ‘इंदूर’ आणि ‘मुंबई’ ही दोन्ही नावे आहेत, ती दुसऱ्या गाडीच्या उद्घोषणेतही असणारच. झोपेत असलेल्या माणसाला ‘इंदूर, मुंबई, अवंतिका’ एवढेच ऐकू आले तर कोणती गाडी हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. म्हणून गाडी कोठे जाणार आहे, हे सर्वांत आधी आणि ठळकपणे यावे. उज्जैन, रतलाम ही मागे पडलेली स्थानके बडोद्याच्या प्रवाशाला काय कामाची? ती गाळावीत.

दांडियाबाजारकर

आतापर्यंतच्या सूचनांनुसार दुसरा मसुदा असा केला आहे.

> मुंबईला जाणाऱ्या प्रवाशांनी लक्ष द्यावे. मुंबई सेंट्रलला जाणारी अवंतिका एक्सप्रेस आज प्लॅटफॉर्म क्रमांक चारवर येईल. प्लॅटफॉर्म क्रमांक चार. प्लॅटफॉर्म क्रमांक दोनवर थांबलेल्या प्रवाशांनी सावकाश पुलावरून प्लॅटफॉर्म क्रमांक चारवर यावे. गाडी येण्यास पुरेसा वेळ आहे.

गाडीचा क्रमांक तूर्त काढला आहे, कारण त्यातही ‘दोन’ दोनदा येतो. याविषयी मात्र खात्री वाटत नाही.

माळव्याची_मैना

इंदूरहून लिहीत आहे. अवंतिका ही आमच्या घरची गाडी म्हणता येईल इतकी सवयीची आहे. मसुद्यातले पहिलेच वाक्य मला खटकले. या गाडीने बडोद्याहून मुंबईला जाणारेच बसत नाहीत, सुरतला जाणारेही बसतात, बोरिवलीला उतरणारे तर पुष्कळ. ‘मुंबईला जाणाऱ्या प्रवाशांनी’ असे ऐकल्यावर सुरतचा प्रवासी पुन्हा डोळे मिटून घेईल. ‘सुरत-मुंबईकडे जाणाऱ्या प्रवाशांनी’ असे म्हटले तर दोघेही ऐकतील.

आणखी एक. कोणाला घ्यायला आलेल्या माणसाला गाडी कोठून येत आहे, हे ऐकायचे असते. माझे सासरे मला बडोद्याला घ्यायला येतात, ते ‘इंदूर’ या शब्दाची वाट पाहत बसतात. तो शब्द पूर्ण काढून टाकल्यास त्यांची पंचाईत होईल.

स्पष्टवक्ता

घ्यायला आलेल्यांना फोन असतो. सगळ्यांना खूश करायला गेलात तर पुन्हा पहिल्या मसुद्यावर याल.

माळव्याची_मैना

सासऱ्यांचा फोन असतो, पण तो घरी असतो.

ध्वनिलहरी

‘इंदूरहून आलेली’ एवढे दोन शब्द वाढवण्यास हरकत नसावी. गंतव्य स्थानक आधी येऊन गेलेले असल्यामुळे गोंधळाची शक्यता पुष्कळ कमी होते. पण ते ‘मुंबई सेंट्रलला जाणारी’च्या अगदी शेजारी न ठेवता मध्ये छोटा विराम घ्यावा.

भाषेच्या अंगाने मला एक विचारावेसे वाटते. ‘क्रमांक चारवर’ यापेक्षा ‘चार नंबर प्लॅटफॉर्मवर’ हे बोलण्यात अधिक सहज येते. आपण घरी कोणीच ‘क्रमांक चारवर ये’ असे म्हणत नाही.

रुळावरचा

सहजतेचे कारण तर आहेच, पण ‘चार नंबर प्लॅटफॉर्मवर’ याचा एक फार मोठा व्यावहारिक फायदाही आहे. तो समजावा यासाठी ध्वनिमुद्रित उद्घोषणा कशा तयार होतात, हे थोडक्यात सांगतो.

संगणकावरच्या उद्घोषणेत अख्खे वाक्य कोणी वाचलेले नसते. अंक, स्थानकांची नावे, गाड्यांची नावे आणि ‘जाणारी’, ‘येत आहे’ यांसारखे ठरलेले शब्द वेगवेगळे मुद्रित केलेले असतात आणि मशीन ते एकापुढे एक जोडते. हिंदीत हे बऱ्यापैकी निभावते, कारण ‘पुणे से’, ‘पुणे को’ यात पुणे हा शब्द तसाच राहतो. मराठीत विभक्ती लागली की शब्दच बदलतो. पुण्याला, बडोद्याला, कल्याणला, नाशिकला: प्रत्येकाची तऱ्हा निराळी. सुटा ‘पुणे’ आणि सुटा ‘कडे’ जोडून ‘पुणे कडे’ असे काहीतरी कानावर पडते. प्रत्येक तुकडा स्पष्ट असूनही सगळे मिळून परके का वाटते, याचे हे एक कारण आहे. दुसरे कारण सुरांचे. वाक्याच्या मध्ये येणारा ‘चार’ आपण किंचित वर ठेवतो आणि शेवटचा ‘चार’ खाली आणतो. मुद्रणात एकच ‘चार’ असेल तर तो एका ठिकाणी चुकीचा वाटणारच.

आता ‘क्रमांक चारवर’ पाहा. यात ‘वर’ हा बदलत्या अंकाला चिकटतो. ‘चार नंबर प्लॅटफॉर्मवर’ यात तो कधीही न बदलणाऱ्या ‘प्लॅटफॉर्म’ला चिकटतो आणि अंक मूळ रूपातच राहतो. उद्या हा मजकूर तुकड्यांत मुद्रित करायचा ठरला, तर एकही जोड उघडा पडणार नाही. स्थानकांची नावे मात्र ‘मुंबई सेंट्रलला’, ‘पुण्याला’ अशी प्रत्ययासकट मुद्रित करावीत. काम थोडे वाढते, पण त्याला पर्याय नाही.

गाडीच्या क्रमांकाविषयी: नियमित आणि नाव असलेल्या गाडीसाठी मराठी वाचनात तो गाळला तरी चालेल, कारण त्याआधीच्या तीन भाषांत तो येऊन गेलेला असतो. पण सुट्टीतल्या विशेष गाड्यांना बहुधा नावच नसते. त्यांचे पाच अंकी क्रमांक शून्याने सुरू होतात आणि प्रवासी त्यावरूनच गाडी ओळखतो. तेथे क्रमांक सांगावाच लागेल. तो प्लॅटफॉर्मच्या वाक्यात न घालता स्वतंत्र वाक्यात सांगावा आणि ‘शून्य नऊ’ म्हणून थांबून मग उरलेले तीन अंक वाचावेत. एका दमात पाच अंक वाचले, की मधले दोन कोणाच्याच लक्षात राहत नाहीत.

सडेतोड

मराठीत ‘फलाट’ हा चांगला शब्द असताना ‘प्लॅटफॉर्म’ कशासाठी?

रुळावरचा

‘फलाट’ मलाही आवडतो आणि महाराष्ट्रात तो सर्रास चालतो. पण बडोद्याला वाढलेल्या मराठी मुलांना विचारून पाहा. शिवाय आधीच्या तिन्ही भाषांत त्यांनी ‘प्लॅटफॉर्म’ हाच शब्द ऐकलेला असतो आणि वर पाटीवरही तोच असतो. चौथ्या भाषेत नवा शब्द आला, तर आपली माणसे क्षणभर अडखळतील.

चौकस

एक शंका. दुसऱ्या मसुद्याच्या शेवटी ‘पुरेसा वेळ आहे’ असे लिहिले आहे. तो आहे, हे कोण ठरवणार? आणि पुरेसा कोणासाठी? माझ्यासाठी चार मिनिटे पुरेशी आहेत, लेकुरवाळी यांच्या आईंसाठी नाहीत.

रुळावरचा

ही शंका अगदी रास्त आहे आणि तिचे पूर्ण समाधान माझ्याकडेही नाही. मिनिटे सांगायची तर नियंत्रण कक्षाकडून गाडी कोठे पोहोचली आहे, हे पक्के कळलेले असावे लागते. ते कळले असेल तर ‘अजून वीस मिनिटे आहेत’ असे स्पष्ट सांगावे, त्यापेक्षा चांगला दिलासा नाही. ते कळले नसेल तर वेळेविषयी काहीच बोलू नये. ‘पुरेसा वेळ आहे’ हे दोन्हींच्या मधले वाक्य सर्वांत वाईट. त्यावर विसंबून एखादा चहाला थांबला आणि गाडी सुटली, तर पुढच्या वेळी खऱ्या दिलाशावरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

मिनिटे सांगताना एक पथ्य पाळावे. ज्या वाक्यात प्लॅटफॉर्मचा अंक आहे, त्यात मिनिटांचा अंक घेऊ नये.

चौकस

समजा, वीस मिनिटे म्हटले आणि गाडी बाराव्या मिनिटाला आली, तर?

ध्वनिलहरी

मग माझ्या मते मिनिटे सांगणेच धोक्याचे. ‘घाई करू नये’ एवढे पुरे.

लेकुरवाळी

कारण न सांगता ‘घाई करू नये’ म्हटल्याने आजवर कोणी घाई करायचे थांबल्याचे मी पाहिलेले नाही. मला मिनिटे हवीत, थोडी कमी सांगितली तरी चालतील.

माळव्याची_मैना

वेळेवरून आठवले. गाडीची वेळ सांगायची झाल्यास, विशेषतः मध्यरात्रीनंतरच्या गाड्यांची, ‘शून्य तास पंचवीस मिनिटे’ असे वाचू नये. ‘रात्री बारा वाजून पंचवीस मिनिटांनी’ असे म्हणावे. तारीख चुकवून एक दिवस उशिरा स्थानकावर आलेली माणसे आमच्याच नात्यात आहेत. त्यांना ‘शून्य तास’ ऐकून काहीही बोध झाला नसता.

दांडियाबाजारकर

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी मंडळाच्या खोलीत एक चाचणी घेतली. पंखे चालू ठेवले, टीव्हीवर क्रिकेटचा सामना लावला, आणि ज्यांना या चर्चेची काहीच कल्पना नव्हती अशा मंडळींना बाहेरच्या ओट्यावर बसवून आतून मजकूर एकदाच वाचला. रुळावरचा यांनी खासगी निरोपात सुचवल्याप्रमाणे ‘कळले का?’ असे विचारले नाही, कारण त्याला सगळेच हो म्हणतात. ‘आता तुम्ही कोणत्या प्लॅटफॉर्मवर जाल?’ असे विचारले.

मूळ मसुदा ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ‘दोन’ असे उत्तर दिले. एका आजींनी ‘सहा’ सांगितले. तो आकडा त्यांनी गाडीच्या क्रमांकातून उचलला होता. नव्या मसुद्यानंतर जवळजवळ सर्वांनी ‘चार’ सांगितले, पण दोघांना गाडी कोणती हे सांगता आले नाही. त्यांना फक्त ‘चार नंबर’ ऐकू आला होता. म्हणून शेवटच्या वाक्यात गाडीचे नाव पुन्हा घेतले आहे.

> सुरत-मुंबईकडे जाणाऱ्या प्रवाशांनी लक्ष द्यावे. मुंबई सेंट्रलला जाणारी, इंदूरहून आलेली अवंतिका एक्सप्रेस आज चार नंबर प्लॅटफॉर्मवर येईल. चार नंबर प्लॅटफॉर्म. गाडी येण्यास अजून वीस मिनिटे आहेत. दोन नंबरवर थांबलेल्या प्रवाशांनी पुलावरून सावकाश यावे. जिना चढणे जमत नसल्यास लिफ्ट वापरावी. मुंबईची अवंतिका, चार नंबर प्लॅटफॉर्म.

मिनिटांचे वाक्य स्वतंत्र ओळीवर कंसात देणार आहोत, म्हणजे वेळ पक्की कळलेली नसेल तेव्हा ते वगळता येईल. ‘खेद आहे’ काढले आहे. मंडळाच्या अध्यक्षांना ते पटलेले नाही आणि ते परत घालावे असा त्यांचा आग्रह आहे.

स्पष्टवक्ता

अध्यक्षांना सांगा, की गाडी खरोखर दोन तास उशिरा असेल तेव्हा खेद व्यक्त करावा, आणि कारण माहीत असेल तर तेही सांगावे. प्लॅटफॉर्म बदलताना लोकांना उठवायचे आहे, त्यांची समजूत काढायची नाही.

ध्वनिलहरी

वाचणाऱ्यासाठी सूचना मजकुरासोबत त्याच कागदावर लिहून द्या. तोंड माइकपासून चार बोटे दूर असावे. प्रत्येक पूर्णविरामाला मनात ‘एक, दोन’ म्हणावे. शेजारून गाडी जात असेल तर ती जाईपर्यंत थांबावे, मध्येच सुरू झाल्यास पुन्हा पहिल्यापासून वाचावे. आणि ‘लिफ्ट’चे वाक्य ठेवण्यापूर्वी त्या प्लॅटफॉर्मवर लिफ्ट आहे आणि ती चालू आहे, याची खात्री करून घ्यावी.

चौकस

मजकूर उत्तम झाला आहे. पण तीन भाषांची उद्घोषणा संपून मराठीची पाळी येईपर्यंत, तिन्ही भाषांपैकी एक तरी समजणारी माणसे जिन्यावर पोहोचलेली असतील. आपली ज्येष्ठ मंडळी त्या गर्दीच्या मागे अडकतील. मराठी वाचन तीन भाषांच्या दुसऱ्या फेरीआधी घेता येईल का, हे स्थानकावर विचारावे.

दांडियाबाजारकर

हा मुद्दा आमच्या कोणाच्याच लक्षात आला नव्हता. सोमवारी मजकूर द्यायला जाणार आहोत, तेव्हा विचारतो. रात्रीच्या पाळीत मराठी वाचू शकणारे कोणी आहे का, हेही त्याच वेळी विचारावे लागेल. देवनागरी वाचता येणाऱ्याला मजकूर वाचता येईल, पण ‘थांबलेल्या’ आणि ‘जाणाऱ्या’ यांचे उच्चार त्याच्याकडून करून घ्यावे लागतील.